शेवटच्या रांगेतलं मूम

मोठ्या सभागृहात पडद्यावर आलेख लागला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मागच्यांना दिसतंय ना?" आणि उत्तर हमखास पुढून येतं. पहिल्या रांगेतल्या चार-पाच जणांना पडद्यावरची धूळसुद्धा दिसत असते. ते एकसुरात "होऽऽ" म्हणतात. मागच्यांनी प्रश्नच ऐकलेला नसतो, कारण माईकचा आवाजही पुढच्यांच्याच मापाने लावलेला असतो. विषय एकमताने मंजूर होतो आणि साहेब पुढच्या स्लाइडवर जातात.

धाराशिव जिल्ह्यातलं असंच एक सभागृह डोळ्यांसमोर आणावं. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असं सभागृह आठही तालुक्यांत सापडतं. साठ फूट लांब, वर गरगरणारे पण वारा न देणारे पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि समोर आठ फूट रुंद, सहा फूट उंच पडदा. जून संपलेला आहे, खरिपाचा आढावा चालू आहे आणि खुर्च्यांवर बसलेल्या माणसांच्या मनात एकच प्रश्न आहे : सोयाबीन पेरायचं की थांबायचं? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. म्हणून पडद्यावर जूनचा पाऊस आहे. आठ तालुक्यांच्या आठ रेषा, आणि शंभर मिलिमीटरच्या उंचीवर पेरणीची एक तुटक आडवी रेषा.

निदान लॅपटॉपवर तरी ती तुटक होती.

शेवटच्या रांगेत दोन मामा बसलेले.

"काय दाखवूलालेत?"

"पाऊस."

"कुठाय?"

"त्या काय, अळ्या दिसत्यात ना बारीक बारीक. त्येच."

"नऊ हायत की. तालुके तर आठ."

"नवा झाला असंल एखादा. जिल्ह्याचं नाव बदललं, आता तालुका वाढवायला काय लागतंय?"

मामांच्या हिशोबात चूक नव्हती. नववी रेषा म्हणजे ती तुटक रेषा. तिचे ठिपके आणि ठिपक्यांमधल्या फटी साठ फुटांवर एकमेकांत मिसळल्या होत्या आणि पेरणीचा इशारा परस्पर नवीन तालुका झाला होता. नावांचं तर याहून अवघड होतं. रेषांची नावं उजवीकडच्या चौकटीत, लॅपटॉपवर स्वच्छ दिसणाऱ्या १२ च्या अक्षरात होती. मागून 'भूम'चं 'मूम' झालं, कारण भ आणि म यांच्यात फरक काय तो डावीकडच्या वरच्या गाठीचा, आणि ती गाठ पडद्यावर दोन-तीन मिलिमीटरची. 'कळंब' आणि 'परंडा' यांच्या डोक्यावरची टिंबं गेली आणि 'कळब', 'परडा' अशी दोन गावं उरली. खुद्द 'धाराशिव'चं 'घाराशिव' झालं. तेवढी 'लोहारा' आणि 'उमरगा' ही नावं बरी तगली. 'वाशी' वाचता आलं, पण ते वाचणाऱ्याला आधीपासून माहीत होतं म्हणून.

देवनागरीत ही अडचण जास्त भासते. आपल्या अक्षराचा अर्थ पुष्कळदा एखाद्या टिंबात, मात्रेत किंवा पोटातल्या तिरक्या रेघेत साठवलेला असतो. प आणि ष, ब आणि व, थ आणि य, ए आणि ऐ. अक्षर लहान झालं की पहिल्यांदा नेमका हाच ऐवज जातो आणि शिरोरेषा मात्र शेवटपर्यंत दिमाखात टिकते. त्यामुळे मागच्या रांगेला काहीतरी लिहिलंय एवढं नक्की कळतं.

गंमत अशी की सभागृहाच्या दारातच वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला असतो आणि त्याच्या बाबतीत हा घोटाळा कधीच होत नाही. भाऊंचं नाव फूटभर उंचीच्या अक्षरात असतं. फूटभर अक्षर दीडशे फुटांवरून आरामात वाचता येतं, चालत्या एसटीतूनसुद्धा. शुभेच्छुकांची नावं खाली बारीक असतात, ती वाचली जावीत अशी भाऊंची इच्छाही नसते. फ्लेक्सवाल्याला कोणी शिकवलेलं नसतं, पण माणूस कुठे उभा राहून वाचणार हे तो आधी विचारतो आणि मग अक्षर ठरवतो. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन भिंती रंगवणारे जुने पेंटरही तसेच. पहिलं अक्षर खडूने आखलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, डोळे बारीक करून बघायचं आणि परत यायचं. पीपीटी करणारा माणूस मात्र जागचा हलत नाही. तो लॅपटॉपपासून दीड फुटावर बसून साठ फुटांवरच्या माणसासाठी अक्षर निवडतो.

साठ फुटांवर नेमकं किती मोठं अक्षर लागतं, याचं उत्तर नेत्रतपासणी शिबिरातल्या तक्त्यावर आहे. उत्रेख्तच्या हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तो तक्ता केला आणि आजही डॉक्टर त्याच हिशोबाने नंबर काढतात. सहा मीटरवरून जो माणूस सुमारे ९ मिलिमीटर उंचीचं अक्षर ओळखतो, त्याची नजर सहा बाय सहा, म्हणजे चांगली. त्या तक्त्यावरच्या अक्षराचे उंचीत पाच समान भाग पाडलेले असतात आणि अक्षराची प्रत्येक रेघ त्यातल्या एका भागाएवढी जाड असते. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे रेषांच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

आता साठ फूट म्हणजे १८ मीटर, सहाच्या तिप्पट. म्हणजे शेवटच्या रांगेत चांगल्या नजरेच्या माणसाला अक्षर निदान २६ मिलिमीटर उंच हवं. तेही कसंबसं ओळखण्यापुरतं. तक्त्याची शेवटची ओळ कोणी हौसेने वाचत नाही. माणूस पुढे झुकतो, डोळे किलकिले करतो, डॉक्टर म्हणतात "अंदाजाने सांगा". आरामात वाचायला त्याच्या दुप्पट तरी पाहिजे, आणि पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा घरी विसरून आलेल्या माणसाला तिप्पट-चौपट.

आणि पडद्यावर होतं किती? इथे एक छोटा गुणाकार करावा लागतो. हल्ली पीपीटी उघडली की स्लाइड आडवी, १६:९ च्या मापाची येते. तिची उंची साडेसात इंच, म्हणजे अक्षरांच्या मापात ५४० पॉईंट. ही आडवी स्लाइड आठ बाय सहाच्या पडद्यावर टाकली की रुंदी पुरती भरते, पण उंची साडेचार फुटांवरच संपते. वर आणि खाली पाऊण-पाऊण फुटाची काळी पट्टी रिकामी राहते. साडेचार फुटांत ५४० पॉईंट बसले म्हणजे एका पॉईंटला पडद्यावर अडीच मिलिमीटर आले. तर १२ चं अक्षर तीस मिलिमीटर व्हायला हवं. २६ हवं होतं, तीस मिळालं, मग अडलं कुठे?

अडलं ते १२ या आकड्याच्या अर्थात. फॉण्टचा आकडा हा अक्षराचा आकार नसतोच. वरची वेलांटी, रफार, टिंब, खालचे उकार, ऱ्हस्व-दीर्घ सगळं धरून जेवढी जागा लागते, तिचा तो आकडा. शिरोरेषेपासून तळापर्यंत मूळ अक्षर त्या जागेच्या निम्म्याहून जरासंच जास्त असतं. घराचा सातबारा मोठा आणि राहती खोली लहान, तसं. म्हणजे १२ चं अक्षर पडद्यावर भरतं जेमतेम १६-१७ मिलिमीटर. चांगल्या नजरेलाही लागतात २६. शेवटच्या रांगेतल्या मामांच्या डोळ्यांत काहीच दोष नव्हता. तिथे गरुड आणून बसवला असता तरच भूम वाचलं गेलं असतं.

फॉण्टही एकसारखे नसतात. 'मंगल' आणि 'कोकिळा' यांना एकच आकडा दिला तरी कोकिळा चांगलीच अंग चोरून बसते. दिसायला नाजूक म्हणून तिला पीपीटीत घेणाऱ्याने आकडा पाहू नये, पडद्याजवळ जाऊन फूटपट्टीने अक्षर मोजावं. तसं करताना लोक हसतात, पण दोन मिनिटांचं काम आहे.

हा १२ चा आकडा तरी आला कुठून? कोणी निवडलेलाच नसतो. पॉवरपॉईंटमध्ये नवीन आलेख घातला की त्याची अक्षरं आपोआप ११.९७ ची येतात. बारासुद्धा पुरे नाहीत. एक्सेलमध्ये तयार केलेला आलेख तर ९-१० च्या अक्षरांत येतो. मग तो चित्र म्हणून उचलायचा आणि स्लाइडवर मावत नाही म्हणून कोपऱ्याला धरून आत ढकलायचा. चित्र अर्धं झालं की अक्षरही अर्धं होतं. आता ते साडेचारचं आहे, पण कुठेही साडेचार असं लिहून येत नाही, आणि स्लाइडचं शीर्षक ३६ च्या अक्षरात वर डौलात उभं असतं : 'तालुकानिहाय पर्जन्यमान'. मागच्यांना तेवढं एकच वाचता येतं आणि ते त्यांना माहीतच असतं.

ठळक करून भागत नाही का, असं पीपीटी करणारा ऑपरेटर विचारतो. बारीक अक्षर ठळक केलं की त्याच्या रेघा जाड होतात, पण आतल्या पोकळ्या बुजतात. धच्या पोटात आधीच जागा कमी, ती भरली की ध, घ आणि छ एकाच कुटुंबातले वाटायला लागतात. अक्षराला आधी वाढवावं, मग हवं तर धष्टपुष्ट करावं. उलट क्रमाने केलं की शाईचा नुसता गोळा होतो.

आता रेषांकडे. इथे निसर्गाने एक चकवा ठेवलेला आहे. अक्षराची रेघ ओळखायला १८ मीटरवर सुमारे ५ मिलिमीटर जाडी लागते, म्हणजे त्या २६ चा पाचवा भाग. पण नुसती लांब रेषा 'आहे' एवढं कळायला याच्या कितीतरी कमी जाडी पुरते. शेताच्या बांधावर उभं राहिलं की दूरच्या खांबांवरची विजेची तार आभाळावर स्पष्ट दिसते, ती काही पाच मिलिमीटरच्या हिशोबात बसत नाही. तार आहे हे दिसतं. पण तांब्याची की ॲल्युमिनियमची? एक की जवळजवळ दोन? ते सांगता येत नाही.

पडद्यावरच्या रेषांचं तेच होतं. आलेखातली रेषा आपोआप २.२५ पॉईंटची येते, म्हणजे पडद्यावर साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर. ती मागूनही दिसते. ऑपरेटर मागे जाऊन बघतो, रेषा दिसतायत, म्हणून निर्धास्त होतो. पण त्याने प्रश्न चुकीचा विचारला. मागच्याला रेषा दिसून काय उपयोग, ती उमरग्याची की लोहाऱ्याची हे कळलं पाहिजे. ते कळायचं रंगावरून, आणि रंग ओळखायला डोळ्याला रुंदी लागते. रेषा बारीक झाली की निळा आणि हिरवा जवळ येतात, जांभळा निळ्यात जाऊन बसतो, नारिंगी आणि लाल यांचं एकमत होतं. पिवळी रेषा परंड्याची होती. ती पांढऱ्या पडद्यावर पहिल्या रांगेलाही दिसली नाही. परंड्याला पाऊस झालाच नाही असा समज घेऊन काही जण घरी गेले.

त्यात सभागृहातले ट्यूबलाइट चालू, कारण हजेरीपटावर सह्या चाललेल्या. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो फक्त उजेड टाकत नाही, एवढंच. पडदा पांढरा आणि खोलीत उजेड असेल तर तिथे दिसतं ते करडं. लॅपटॉपवर जी रेषा काळीभोर असते, ती पडद्यावर राखाडी होते, आणि जी मुळात राखाडी असते ती बाष्पीभवन होऊन जाते. आलेखाच्या मागची आडव्या रेघांची जाळी पाऊण पॉईंटची असते. सरकारी प्रोजेक्टर जुना, १०२४ ठिपक्यांच्या रुंदीचा असला तर पाऊण पॉईंटला अख्खा ठिपकाही वाट्याला येत नाही. मग प्रोजेक्टर तो ठिपका अर्धवट रंगवतो. त्या जाळीवर बोट ठेवून "इथे बघा, शंभरच्या वर" असं साहेब सांगत असतात. हातातल्या लेझरचा लाल ठिपका थरथरत वाशीवरून निघतो, तुळजापूरला जातो आणि शेवटी पंख्यावर स्थिरावतो.

मग रेषा जाड करा, जाड करण्याला कुठे पैसे पडतात? पडतात. पैसे नव्हे, पाऊस. आलेखाची उभी जागा स्लाइडवर ३२० पॉईंटची आहे आणि तीत ० ते २०० मिलिमीटर पाऊस दाखवायचा आहे असं धरलं, तर ६ पॉईंट जाडीची रेषा स्वतःच्या अंगात पावणेचार मिलिमीटर पाऊस झाकून बसते. हवामान खात्याच्या हिशोबात दिवसाला अडीच मिलिमीटर झाला की तो 'पावसाचा दिवस' धरतात. म्हणजे रेषेच्या जाडीतच दीड पावसाळी दिवस मावला. ही जाडी चालून जाते, कारण पेरायचं की थांबायचं हे काही पावणेचार मिलिमीटरच्या फरकावर ठरत नसतं. पण १२ पॉईंटची रेषा केली तर साडेसात मिलिमीटर पाऊस तिच्या पोटात जातो, आणि अशा आठ रेषा एकमेकींवरून गेल्या की आलेख कमी आणि शेवया जास्त दिसतात. जाडीला वरूनही मर्यादा आहे ती ही.

आपल्या सभेतल्या ऑपरेटरने हे सगळं गणित केलं नाही. तो फक्त घरी गेला. मामांचं 'नववा तालुका' त्याच्या कानावर आलं होतं आणि ते त्याला लागलं होतं. त्याने सभागृहाच्या मापांवरून एवढंच काढलं की शेवटची खुर्ची पडद्यावरच्या चित्राच्या उंचीच्या सुमारे तेरा पट लांब आहे. त्याच्या लॅपटॉपच्या पडद्याची उंची जेमतेम वीतभर, १९ सेंटिमीटर. तिच्या तेरा पट म्हणजे अडीच मीटर, सव्वाआठ फूट. त्याने लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि आठ फूट मोजून तो दारात जाऊन उभा राहिला. डोळ्याला दोन्हीकडे सारखंच दिसतं : साठ फुटांवरचा तो पडदा आणि आठ फुटांवरचा हा लॅपटॉप. फरक एवढाच की घरी ट्यूबलाइटचा उजेड चित्रावर सांडत नाही, म्हणजे घरचा निकाल जरा उदारच लागतो.

"आई, ते काय लिहिलंय वाच बरं."

आईने पोळी लाटता लाटता वळून पाहिलं, लाटणं हातात घेऊन दारापर्यंत आली, डोळ्यांवर आडवा हात धरला. "कुणाचं पत्र हाय का? मुंग्या चालल्यासारखं दिसतंय."

खरिपाच्या आढाव्यावरची ही पहिली प्रामाणिक प्रतिक्रिया.

त्या रात्री त्याने तीन कामं केली. पहिलं, `Design` मध्ये जाऊन `Slide Size` `Standard (4:3)` केला. पडदा आठ बाय सहाचा आहे, म्हणजे तोही ४:३ च आहे. आता चित्राने पडद्याची पूर्ण सहा फूट उंची घेतली, काळ्या पट्ट्या गेल्या आणि एक पॉईंट अडीचऐवजी ३.४ मिलिमीटरचा झाला. कसलाही खर्च न करता प्रत्येक अक्षर एक-तृतीयांशाने वाढलं. इथे एक खड्डा आहे. माप बदलताना संगणक विचारतो, `Maximize` की `Ensure Fit`? दुसरा पर्याय सोज्वळ वाटतो, पण तो आलेखाला अक्षरांसकट लहान करून कमावलेलं सगळं परत घेतो. त्यामुळे त्याने कोऱ्या स्लाइडचं माप आधी बदललं आणि आलेख नव्याने घातला.

दुसरं, अक्षर. नव्या मापात ओळखण्यापुरतं अक्षर १४ चं, त्याच्या दुप्पट २८. त्याने २८ धरलं आणि लगेच पुढचा पेच पडला. २८ च्या देवनागरी ओळीला वर-खाली मिळून चाळीसेक पॉईंट लागतात. आठ नावं म्हणजे ३२० पॉईंट. आलेखाची उंचीही तेवढीच. आठही तालुक्यांत पाऊस सारखं अंतर राखून पडला असता तर नावं एकाखाली एक नीट बसली असती. पाऊस तेवढा शिस्तीचा नसतो. तीन तालुके एका जागी घोळका करून उभे, दोन तळाशी. नावांवर नावं चढली.

इथे बहुतेक लोक अक्षर पुन्हा २० वर आणतात, मग १६, मग 'चालतंय' म्हणून १२. त्याने दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं आणि नावंच कमी केली. सभा ज्या तालुक्यात, त्या तालुक्याची रेषा गडद निळी, ६ पॉईंट, आणि नाव तिच्या टोकालाच लिहिलेलं. बाजूची चौकट काढून टाकली, कारण रेषा इथे आणि नाव तिथे असलं की मागच्या माणसाला रंग डोक्यात धरून प्रवास करावा लागतो. जिल्ह्याची सरासरी काळी, ३ पॉईंट. बाकीचे सात तालुके मधल्या करड्या रंगात, दीड पॉईंटने, बिननावाचे. ते आहेत एवढं दिसावं, तारेसारखं. दुसऱ्या तालुक्यात सभा असेल तेव्हा निळा मान त्याचा. एका आलेखाच्या आठ प्रती, प्रत्येकीला पाच मिनिटं.

तिसरं, ती तुटक रेषा. आधी तिला ठिपक्यांचा प्रकार दिलेला होता. त्या प्रकारात ठिपका जेवढा रुंद तेवढीच मधली फट. २.२५ पॉईंटच्या रेषेत फटही तेवढीच, जी शेवटच्या रांगेत डोळ्याच्या मर्यादेवर येऊन बुजते. त्याने रेषा लालसर, ३ पॉईंटची केली आणि लांब तुकड्यांचा प्रकार दिला. त्यात फट जाडीच्या तिप्पट असते, म्हणजे पडद्यावर तीन सेंटिमीटर. ती साठ फुटांवरून फट म्हणूनच दिसते. वर २८ च्या अक्षरात लिहिलं : 'पेरणी – १०० मिमी'. मागची जाळी काढली, डावीकडे फक्त ०, १०० आणि २०० ठेवले.

आईने दारातून वाचलं. "पेरणी शंभर." मग निळ्या रेषेकडे बघून म्हणाली, "अजून पोचलंच नाही की शंभराला. मग लोकं काय बघून पेरूलालेत?"

पुढच्या सभेत तोच पडदा, तोच प्रोजेक्टर, तेच ट्यूबलाइट. साहेबांनी विचारलं, "मागच्यांना दिसतंय ना?" पुढच्यांनी सवयीने "होऽऽ" म्हटलं. त्यांच्यामागून, साठ फुटांवरून, वेगळाच आवाज आला.

"दिसूलालंय साहेब. पण आमच्या मंडळाचं पर्जन्यमापक कडुलिंबाच्या बुडाला बसवलंय. त्याच्यात पाऊस पडल कसा?"

प्रश्न रास्त होता. झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावं, असा नियमच आहे. नाहीतर झाडाची सावली जशी, तशी पावसाचीही आडोशाची जागा पडते आणि नोंद कमी येते. मग दुसऱ्या रांगेने विचारलं, सरासरी काढली ती किती मंडळांची? तिसऱ्याने विचारलं, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरता, मग आमच्याकडे पंचनामा का नाही? दहा मिनिटांची स्लाइड पन्नास मिनिटं चालली. चहा थंड झाला, कुंथलगिरीचे पेढे मात्र संपले.

सभा उठल्यावर साहेबांनी ऑपरेटरला बाजूला घेतलं. "आलेख छान होता," ते म्हणाले, "पण फार मोठं मोठं वाटतं. लहान मुलांच्या पुस्तकासारखं. पुढच्या वेळी आठही तालुके घ्या, खाली तक्ता जोडा, मागच्या पाच वर्षांची तुलना टाका. जरा सविस्तर दिसलं पाहिजे."

पुढच्या सभेची पीपीटी ११.९७ च्या अक्षरात आहे.